डायलिसिस आणि संसार: पाण्याचा पहारा बायकोच्या डोळ्यातून बाटलीत कसा न्यायचा

डायलिसिस सुरू झालेल्या घरात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नवरा-बायकोचं सगळं बोलणं पाण्यावर येऊन थांबतं. ती चुलीपुढून विचारते, "अहो, परत पाणी प्यायलाव का?" तो म्हणतो, "घोटभरच घेतलं." तिला खरं वाटत नाही. मग तो मोरीत तोंड धुता धुता पितो, शेतात बोअरवर पितो. सोमवारी डायलिसिसच्या आधी काट्यावर साडेतीन किलो वाढ दिसली की तंत्रज्ञ तिला बोलतात आणि ती घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलत नाही. प्रेम आटलेलं नसतं. तिच्याकडे पहारेकऱ्याचं काम आलेलं असतं, आणि ज्याच्यावर पहारा असतो त्याला पहारेकऱ्याजवळ बसावंसं वाटत नाही.

म्हणून या लेखात उपदेश नाही. पाणी, मीठ, डायलिसिसचा दिवस आणि रात्रीचं अंथरूण या चार ठिकाणी काय बदललं की हा पहारा उठतो, तेवढंच सांगितलं आहे. आकडे कळावेत म्हणून एक जोडपं धरू. औसा तालुक्यातलं गाव, तो ४६ वर्षांचा, ती ४१ ची. डायलिसिस लातूरला सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी ४ तास. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढून टाकल्यावरचं वजन, ५४ किलो. रुग्ण बायको असेल तर हेच उलट करून वाचा. फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

पाण्याचा हिशेब आधी कागदावर

"पाणी कमी प्या" हे वाक्य घरात भांडण लावतं, कारण कमी म्हणजे किती हे कुणालाच माहीत नसतं. तिच्या मते तीन पेले खूप, त्याच्या मते सहा पेलेही कमी. म्हणून पहिलं काम लघवी मोजण्याचं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची. तिथून पुढे दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली, अशी सगळी खुणा असलेल्या प्लास्टिकच्या मगात मोजायची. समजा ३०० मिली भरली. त्यात साधारण ५०० मिली मिळवायचे, म्हणजे दिवसाचे ८०० मिली झाले. हा ढोबळ नियम आहे. आपल्या किडनीच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. डायलिसिस सुरू झाल्यावर लघवी हळूहळू कमी होत जाते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावी लागते. पुष्कळ घरांत जुन्याच आकड्यावर पाणी दिलं जातं आणि वजन का वाढतं ते कळत नाही.

हे ८०० मिली निव्वळ पाण्याचे नाहीत. चहा, वरण, आमटी, ताक, दूध, गोळ्यांबरोबरचं पाणी, बर्फ, सगळं त्यातच. आता वजाबाकी. दोन वेळचा अर्धा-अर्धा कप चहा, ८० मिलीचा एक, म्हणजे १६०. दोन जेवणांत वरण किंवा येसराची आमटी एकेक छोटी वाटी, १०० मिलीची, म्हणजे २००. उरले ४४०. सकाळी उठल्यावर त्याने स्वतःच्या हाताने एका बाटलीत ४४० मिली पाणी भरायचं. गोळ्याही याच पाण्याने घ्यायच्या. दिवसभर पाणी म्हणजे ती बाटली, दुसरं नाही. माठातून, हंड्यातून, कुणाच्या घरच्या तांब्यातून प्यायचं नाही.

मग कुणाच्या घरी गेल्यावर चहा आलाच तर? आपल्याकडे चहाला नाही म्हणता येत नाही. घ्यायचा, आणि घरी आल्यावर तेवढंच पाणी बाटलीतून तुळशीला घालायचं. ही छोटी कृती फार कामाची आहे. बाटलीतलं पाणी खाली गेलेलं त्याला स्वतःला दिसतं, आणि तिला काही बोलावं लागत नाही.

पेला घरातला वापरू नका. स्टीलचा नेहमीचा पेला २०० ते २५० मिलीचा असतो. चार घोटांत तहान भागत नाही आणि पेला मात्र संपतो. १०० मिलीचं लहान फुलपात्र ठेवा, भरून प्यायल्याचं समाधान मिळतं. बाटलीतल्या वाट्यातलंच थोडं पाणी ट्रेमध्ये गोठवून चघळलं तर ते जास्त वेळ पुरतं. गार पाण्याने चूळ भरून थुंकली तरी कोरड कमी होते. एखादी लवंग किंवा वेलदोडा तोंडात ठेवावा. मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४२ वर जातो तेव्हा घाम जातो हे खरं, पण म्हणून मनाने पाणी वाढवायचं नाही. रोज सकाळी वजन करा. ते वाढतच नसेल तर डॉक्टर स्वतः वाढवून देतात.

वही कुणाची, बोलायचं कधी

एक वजनकाटा आणि एक वही घ्या. सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, रोज तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं. अंगात १ लिटर पाणी साचलं की वजन १ किलो वाढतं, म्हणून काटा खोटं बोलत नाही. दोन डायलिसिसच्या मधली वाढ ड्राय वेटच्या साधारण ४ टक्क्यांत राहिली पाहिजे. आपल्या माणसाचं ५४ किलो धरलं तर दोन किलोच्या थोडं वर. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत धोक्याचं. तेव्हा हा आकडा ओलांडायची भीती जास्त असते.

वही त्याने लिहायची. तिने नाही. यावर आमचा भर आहे. वही तिच्या हातात गेली की ती पुन्हा हजेरी घेणारी होते. दोघांत आधीच ठरवून टाकायचं की दिवसभर पाण्याबद्दल ती विचारणार नाही, रात्री आठला तो वही दाखवेल. दोन मिनिटं, तेवढंच. चुकलं असेल तर तो सांगेल, ती "बरं" म्हणेल आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा ठरेल. डायलिसिसच्या ठिकाणी डॉक्टरांना आणि तंत्रज्ञांना तिने एकदा स्पष्ट सांगावं, "वजन वाढलं तर मला बोलू नका, त्यांना सांगा." पुष्कळ ठिकाणी ऐकतात. रागावणं नातेवाईकावर येतं ते सवयीने.

चोरून पिणं थांबलं की नाही हे कसं ओळखायचं? वहीत ८०० मिली लिहिलेत आणि दोन दिवसांत वजन अडीच किलो वाढलंय, म्हणजे हिशेबाबाहेर काही जातंय. अशा वेळी "खोटं बोलता" म्हणू नका. आधी मीठ बघा, मधुमेह असेल तर साखर बघा. साखर वाढलेली असली तर तहान आवरत नाही, तिथे मनाचा निर्धार उपयोगाचा नाही.

न विचारण्याच्या नियमाला अपवाद आहेत, आणि ते तिला पाठ पाहिजेत. आडवं झाल्यावर दम लागतो आणि उठून बसावं लागतं, हे फुप्फुसात पाणी भरल्याचं लक्षण. हातपाय एकाएकी गळून गेले, छातीत धडधड चुकायला लागली, तर रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असू शकतं. या दोन्हींत पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट बघायची नाही. लगेच १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. तिथे नातं सांभाळत बसू नका.

तहानेचं मूळ मिठात आहे

साधारण ८ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर १ लिटर पाणी मागतं. म्हणजे ठेचा, लोणचं, पापड खाऊन वर पाणी आवरायला सांगणं हा त्या माणसाचा छळ आहे. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्याहून जास्त नको.

इथे घराघरांत एक चूक होते. त्याच्यासाठी वेगळं भांडं, वेगळी अळणी भाजी, आणि तो एका बाजूला जेवतो. हे चार दिवस चालतं, मग तो ताट सरकवतो. बायकोला दोन स्वयंपाक पडतात आणि त्याला आपण घरात परके झालो असं वाटतं. त्यापेक्षा सगळ्या घराची भाजी कमी मिठाची करा, आणि ज्याला पाहिजे त्याने ताटात मीठ घ्यावं. ज्वारीच्या भाकरीत तसंही मीठ नसतं, तेव्हा अर्धं काम झालेलंच आहे. भाजीला चव लसूण, जिरं, कढीपत्ता, थोडं लिंबू यांनी आणा. ठेचा त्याला आवडत असेल तर मिरची-लसूण भाजून, मीठ न घालता कुटा. मीठ आपापल्या ताटात. एका परातीतलं जेवण एकत्र बसून झालं पाहिजे.

एक गोष्ट मात्र विकत आणू नका. दुकानात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. डायलिसिसवरच्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. माणूस चांगल्या मनाने आणतो, म्हणूनच सांगावं लागतं. नारळपाण्याचंही तसंच. आजारी माणसाला भेटायला येणारे शहाळं घेऊन येतात. ते हसून घ्यावं आणि लेकरांना द्यावं.

डायलिसिसचा दिवस: त्या संध्याकाळी काही मागू नका

गाव ते लातूर, रांग, ४ तास मशीन, परत एसटी. सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला घरी येतो. त्या दिवशी तो चिडका, गप्प, डोकं दुखणारा असतो. बायकोला वाटतं, दिवसभर मी बाहेर बाकावर बसले, आणि हा माझ्याशी एक शब्द बोलत नाही. तो तिच्याशी रुसलेला नसतो. ४ तासांत अंगातलं दोन लिटर पाणी आणि क्षार काढले गेलेले असतात, रक्तदाब खाली आलेला असतो, आणि शरीर सावरायला कित्येक तास जातात. काहींना दुसऱ्या सकाळपर्यंत.

म्हणून घरातला नियम करा. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पैशाचा, पोरांच्या फीचा, पेरणीचा, भावकीच्या वादाचा विषय काढायचा नाही. घरी आल्यावर त्याला हळूहळू बसू द्या, एकदम उठायला लावू नका, चक्कर येते. थोडं खाऊन झोपू द्या. सुया काढलेल्या जागेतून परत रक्त आलं तर स्वच्छ कापसाने दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर दवाखान्यात फोन करायचा. डायलिसिसनंतर त्याने स्वतः मोटारसायकल चालवू नये.

बोलायची वेळ मंगळवार आणि गुरुवारची सकाळ. त्या सकाळी तो सगळ्यांत ताजा असतो. घरातलं जे काही ठरवायचं ते चहाबरोबर तेव्हा ठरवा. तो कमावत नाही म्हणून निर्णय तिने एकटीने घेऊन टाकणं हा दुसरा मोठा घाव आहे. बियाणं कोणतं, मुलीला कोणत्या कॉलेजात घालायचं, गाय ठेवायची की विकायची, हे त्याला विचारूनच. त्याच्या हातून होईल असं एक काम रोजचं त्याचंच ठेवा. पासबुकाचा हिशेब, लेकरांचा अभ्यास, शेंगा फोडणं, काहीही. काम फिस्टुल्याच्या हाताने जड उचलण्याचं नसावं एवढंच.

आणि तिन्ही दिवस तीच जाईल असं करू नका. बाकावर बसून बसून तिचं कंबरडं मोडतं आणि घरी आल्यावर ती फक्त थकलेली असते. एक वार दिराने किंवा पुतण्याने न्यावं, एक वार गावातल्याच दुसऱ्या रुग्णाबरोबर जाता येतं का बघावं. डायलिसिसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, नोंद झाली आहे का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, कागद कोणते लागतात ते आगारात विचारून घ्या. पैशाची ओढाताण जितकी कमी, तितका घरातला आवाज खाली राहतो.

अंगाला हात लावणं परत सुरू करायचं

डायलिसिसवरच्या माणसाचं अंग फार खाजतं. कातडी कोरडी पडते, रक्तात फॉस्फरस वाढतो. रात्री तो पाठ भिंतीला घासतो. इथे बायकोचा हात खरंच औषध होतो. कोमट पाण्याने आंघोळ, साबण थोडा, अंग पुसून ओलसर असतानाच खोबरेल तेल कोमट करून दोन चमचे, पाठीला, पोटऱ्यांना, हळू हाताने. दहा मिनिटं पुरतात. फिस्टुल्याच्या जागेवर तेल लावायचं नाही, चोळायचं तर नाहीच. मानेत नळी बसवलेली असेल तर ती भिजू द्यायची नाही, पट्टीच्या आसपासही तेल नको. खाज फारच असेल तर फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या तो जेवतानाच घेतो का ते बघा, कारण त्या जेवणाबरोबर घेतल्या तरच काम करतात.

अशीच दुसरी जागा म्हणजे फिस्टुला. त्यावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. ती सकाळी आणि झोपताना बघायची असते. एकदा त्याने, एकदा तिने. हात हातात घ्यायला हे एक कारण मिळतं. थरथर बंद पडली तर त्याच घटकेला दवाखान्यात कळवायचं, सकाळची वाट बघायची नाही. त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही, घड्याळ बांधायचं नाही, त्या हातात रक्तदाब मोजू द्यायचा नाही. म्हणून अंथरुणात जागा बदला. फिस्टुला डावा असेल तर तिने त्याच्या उजव्या बाजूला झोपावं. पुष्कळ जोडपी हात दाबला जाईल या भीतीनेच वेगळी झोपायला लागतात. बाजू बदलली की ती भीती जाते.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते. किडनीच्या आजारात पुरुषाला शरीरसंबंधात अडचण येणं फार नेहमीचं आहे. रक्त कमी असणं, मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, हार्मोन्स, थकवा, मनाची उदासी, अशी कारणं एकत्र येतात. तो लाजेने पाठ फिरवतो, तिला वाटतं मी नकोशी झाले, आणि दोघं वर्षानुवर्षं गप्प. पहिलं पाऊल तिचं. "तुमचं काही चुकलेलं नाही, हे दुखण्याचं आहे, डॉक्टरांना विचारू," एवढं अंधारात बोललं तरी चालतं. डॉक्टरांसमोर तोंड उघडत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, "संबंध येत नाहीत, कोणत्या गोळीमुळे आहे का?" रक्तदाबाची गोळी मनाने बंद करायची नाही. मेडिकलमधून विचारून 'ताकदीची गोळी' आणायची नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी जो घेतो त्याचा या दोन्ही गोळ्या एकत्र झाल्या तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

वेळ निवडायची तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. तेव्हाही जमलं नाही तर जवळ झोपणं, अंग दाबणं, हात धरून पडणं हे पुरेसं आहे हे दोघांनी आधी बोलून ठेवावं, म्हणजे प्रत्येक स्पर्शाची परीक्षा होत नाही. हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि लस जोडीदाराचीही करून घ्यावी, डायलिसिसवाल्या घरात ते गरजेचं आहे. रुग्ण बायको असेल तर पाळी अनियमित झाली म्हणून दिवस जाणारच नाहीत असं धरू नका. त्या अवस्थेतलं गरोदरपण फार जोखमीचं असतं, साधन कोणतं वापरायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

काळजी घेणाऱ्याचंही दुखतं. सलग दोन आठवडे झोप लागत नाही, कारण नसताना रडू येतं, किंवा "हे सगळं संपलं तर बरं" असा विचार यायला लागला, तर तो स्वभाव नाही, आजार आहे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आठवड्यातून एक दुपार तिने माहेरी, मैत्रिणीकडे, भजनाला जावं आणि त्या दुपारी घर दुसऱ्या कुणीतरी सांभाळावं. तो आजारी आहे म्हणून तिने कपाळाला हात लावून घरात बसावं असं कोणत्याच औषधात लिहिलेलं नाही.

येळवसेचा दिवस, हिशेबासकट

सण आले की सगळे नियम मोडतात आणि पुन्हा भांडण होतं, म्हणून एक सण मांडून दाखवतो. लातूर-धाराशिवकडे डिसेंबर-जानेवारीत येणारी वेळा अमावस्या, म्हणजेच येळवस. शेतात कडब्याची कोप, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. त्याला घरी ठेवून सगळे शेतात गेले तर तो दिवस त्याच्या मनातून वर्षभर जात नाही. न्यायचंच.

अमावस्या डायलिसिसच्या वारी येत असेल तर आठ-दहा दिवस आधी जाऊन पाळी आदल्या दिवशी मिळते का विचारा. चुकवायची मात्र नाही. आदल्या दिवशी झालं असेल तर तो ताजा असतो, अंगात पाणी कमी असतं, तेव्हा हाच दिवस सगळ्यांत सोयीचा. आंबील हे पातळ आहे आणि त्यात मीठही असतं. त्याच्यासाठी मीठ घालण्याआधी एक फुलपात्र, १०० मिली, बाजूला काढा. सकाळी बाटली भरतानाच ४४० ऐवजी ३४० भरा, म्हणजे शेतात कुणी मोजत बसत नाही. भज्जीत डाळी, हिरवे दाणे, पालेभाज्या असतात आणि या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. अर्धी वाटी, दुसऱ्यांदा नाही. त्या दिवशी वरण-आमटी घेतली नाही तर उरलेले २०० मिली संध्याकाळी पाण्याला वापरता येतात.

नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायचं की आग्रह करू नका, आणि ते सांगायचं त्याने. "मला डॉक्टरने एवढंच सांगितलंय" असं तो म्हणाला की लोक थांबतात. तेच ती म्हणाली की "खाऊ दे की बाई, एक दिवस" असं तिलाच ऐकावं लागतं. जेवण झाल्यावर दोघांनी मिळून बांधावरून एक फेरी मारावी, त्याला दम लागणार नाही इतकी, मध्ये बसत. पाण्याचा विषय त्या फेरीत नाही. रात्री आठला वही, आणि पुढच्या डायलिसिसला काट्यावर काय आकडा आला ते त्याने फोन करून तिला सांगायचं, तिने विचारायच्या आत.